१५० वर अडकलेली नाडी: फ्लटर की फिब्रिलेशन?

प्रश्न: मी इंटर्न आहे. ईसीजीवर एट्रियल फ्लटर आणि एट्रियल फिब्रिलेशन यांत माझा नेहमी गोंधळ होतो. रक्त पातळ करायचं औषध दोन्हींत देतात, मग बाकीचे उपचार वेगळे का?

उत्तर: फोंड्याला ड्युटीवर असताना सत्तरी तालुक्यातले एकसष्ट वर्षांचे एक काजू बागायतदार आले होते. बीपी आणि मधुमेह आधीपासूनचा. धडधड होत होती, नाडी १५०, अगदी नियमित. आधी जिथे दाखवलं तिथे 'ताप-अशक्तपणामुळे वेग वाढलाय' म्हणून सलाईन लावलं होतं. दोन तासांनीही नाडी १५०च. मला खटकलं ते हेच. तापाची किंवा भीतीची नाडी थोडी तरी खालीवर होते. ही हलतच नव्हती.

फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० वेळा एकाच तालात आकुंचन पावतात आणि एव्ही नोड बहुधा दोनांतला एकच ठोका खाली सोडतो. म्हणून १५०. ईसीजीच्या कागदावर दर मोठ्या चौकोनाला एक लाट आणि दर दोन चौकोनांना एक क्यूआरएस येतो. अडचण अशी की दर दुसरी लाट क्यूआरएस किंवा टी लहरीत दडते. मी कागद उलटा धरून लीड दोन, तीन आणि एव्हीएफ पाहिले, तेव्हा करवतीचे दात जाणवू लागले. खात्रीसाठी मॉनिटर चालू ठेवून ६ मिलिग्रॅम अॅडेनोसिन दिलं. काही सेकंद क्यूआरएस थांबले आणि नुसती करवत उरली. अॅडेनोसिनने फ्लटर सहसा जात नाही, फक्त उघडा पडतो.

फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांमधलं अंतर कुठेच जुळत नाही. फसवते ती व्ही-वन लीड, कारण तिथे जाड लाटा फ्लटरसारख्या दिसतात. अशा वेळी कोऱ्या कागदाच्या कडेवर दोन लाटांची टोकं पेन्सिलने टिपा आणि कागद पुढे सरकवा. फ्लटरमध्ये नाडी अनियमित असली तरी लाटा खुणांवर बसतात. फिब्रिलेशनमध्ये दोन-चार लाटांतच खूण चुकते, आकारही बदलतो.

उपचार बदलतात ते मुळामुळे. नेहमीच्या फ्लटरमध्ये वीज उजव्या कप्प्यात ट्रायकस्पिड झडपेभोवती एकाच वाटेने फिरते. झडप आणि खालची महाशीर यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर अॅब्लेशनची रेघ ओढली की ती वाट तुटते. दहांतल्या नऊहून अधिक जणांचा फ्लटर यानं जातो, म्हणून अॅब्लेशनचा विचार लवकर करतात. शिवाय गोळ्यांनी त्याचा वेग आवरणं कठीण जातं. फिब्रिलेशनची ठिणगी बहुधा डाव्या कप्प्यात, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते आणि पुढे वाटा अनेक होतात. तिथे आधी वेग आवरणं किंवा ताल राखण्याची औषधं येतात. अॅब्लेशन मोठं असतं आणि नंतर त्रास परत येण्याची शक्यताही जास्त.

एक चूक मात्र करू नका: फ्लटरमध्ये नुसतं फ्लेकेनाइड. त्यानं लाटा ३०० वरून २०० वर येतात, मग एव्ही नोड प्रत्येक ठोका खाली सोडू शकतो आणि नाडी १५० ची २०० होते. म्हणून सोबत एव्ही नोडला आवरणारं औषध हवंच.

आमच्या काकांचं अॅब्लेशन झालं, नाडी ७२ वर आली. "आता ती रक्ताची गोळी बंद करूं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. बीपी आणि मधुमेह तर होतेच, आणि फ्लटर गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे फिब्रिलेशन होतं.