व्हॉट्सॲप बटण दाबलं जातं, पण मेसेज येत नाहीत

*"एसी दुरुस्तीची साइट आहे. फॉर्म कोणी भरत नाही म्हणून व्हॉट्सॲप आणि फोनचं बटण लावलं. क्लिक दिसतात, मेसेज मात्र येत नाहीत. डेव्हलपर म्हणतो लिंक बरोबर आहे."*

"आमच्याकडे चालतंय" हे उत्तर आम्हालाही एका एजन्सीकडून बराच काळ मिळत होतं, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. लिंकमधला नंबर आधी बघा. या दोन बटणांना नंबर वेगवेगळ्या पद्धतीने लागतो आणि बहुतेक जण एकाच ठिकाणाहून कॉपी करून दोन्हीकडे चिकटवतात.

```
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX">व्हॉट्सॲप करा</a>
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
```

wa.me मध्ये देशाचा कोड हवा, पण अधिक चिन्ह, सुरुवातीचा शून्य, स्पेस, डॅश काहीही नको. `tel:` मध्ये मात्र अधिक चिन्ह ठेवा, म्हणजे दुसऱ्या देशातल्या फोनवरूनही कॉल लागतो.

चूक लपून राहते, कारण नंबर चुकीचा असला तरी wa.me चं पान बऱ्याचदा व्यवस्थित उघडतं. नंबर व्हॉट्सॲपवर नाही, हे ॲपमध्ये गेल्यावरच कळतं, आणि तोवर ग्राहक कंटाळून निघून गेलेला असतो. म्हणून तपासणी पान उघडण्यापर्यंत करून थांबू नका. ज्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, अशा दुसऱ्याच्या फोनवरून खरा मेसेज पाठवा आणि तो तुमच्याकडे पोचला का ते बघा. एकदा अँड्रॉइडवर, एकदा आयफोनवर.

मेसेज अर्धवट येत असतील तर wa.me लिंकमध्ये आधीच भरून ठेवलेला, `?text=` नंतरचा मजकूर तपासा. "एसी दुरुस्ती & सर्व्हिस हवी" असं तसंच लिहिलं, तर & पाशी लिंक तुटते आणि ग्राहकाला फक्त "एसी दुरुस्ती" दिसतं. & च्या जागी `%26`, स्पेसच्या जागी `%20` लागतं. हाताने करू नका. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `encodeURIComponent("तुमचा मजकूर")` चालवा आणि मिळेल ते अवतरण चिन्हं वगळून चिकटवा, देवनागरीही नीट जाते. मजकूर एका ओळीचाच ठेवा. लांबलचक प्रश्नावली भरून ठेवली की तो पुन्हा फॉर्मच झाला.

क्लिक मोजताय ते चांगलं, पण क्लिक म्हणजे मेसेज नव्हे. ॲप उघडून काही न पाठवताही माणूस परत फिरतो. थोडा फरक राहणारच. क्लिक भरपूर आणि मेसेज शून्य असेल तर मात्र माझा संशय नंबरवरच.

फोनचं बटण कामाच्या वेळेतच दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. कोणी न उचललेला कॉल ग्राहकाला सरळ दुसरीकडे पाठवतो. रात्री फक्त व्हॉट्सॲप ठेवा आणि बिझनेस ॲपमध्ये कामाच्या वेळेबाहेरचा आपोआप जाणारा मेसेज लावा. चोवीस तास सेवा देत असाल तर हे तुम्हाला लागू नाही.

आणखी एक: कॉम्प्युटरवर `tel:` दाबून बऱ्याचदा काहीच होत नाही, तेव्हा बटणाशेजारी नंबर वाचता येईल असा लिहाच.