‘टाकलं’ दिसलं की सहायक म्हणू नकोस

नागपुरात शिकवण्या घेणार आहेस, तर सहायक क्रियापद संत्र्यावरच शिकव. ‘तिने संत्रं खाऊन टाकलं.’ इथे फेकलं काहीच नाही. ‘टाकलं’चा मूळ अर्थ गेला, क्रिया संपल्याचा भाव उरला, म्हणून ते सहायक आणि ‘खाऊन टाकलं’ हे संयुक्त क्रियापद.

आता ‘तिने साल काढून कचऱ्यात टाकली.’ साल खरंच टाकली, म्हणजे ‘टाकली’ हेच मुख्य क्रियापद. ‘काढून’ फक्त आधीची क्रिया सांगतं. पोट्टे इथेच फसतात, ‘काढून’ आणि ‘टाकली’ पाहून संयुक्त क्रियापद म्हणून ठोकून देतात. मीही सुरुवातीला तेच करायचो.

‘बी काढून टाकली’ मात्र दोन्हीकडे झुकतं. असं सुटं वाक्य परीक्षेत देऊ नकोस, मागचापुढचा संदर्भ दे.