केरवा आणि प्रेमगीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रेमगीताला चाल लावली आहे. पहिली ओळ ‘तुला पाहता सांज थांबली’. तबलजीबरोबर बसलो की ‘सांज’ शब्द तुटल्यासारखा वाटतो. चाल बदलू का?

चालीला हात लावू नका. ओळ कोणत्या मात्रेवरून उचलता, ते आधी तपासा. केरव्याच्या आठ मात्रा अशा :

धा गे ना ति । न क धि न

पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. तुमची ओळ तोंडाने म्हटली की ‘तु’ आणि ‘ला’ एकेक मात्रा घेतात, ‘पा’ दोन, ‘ह’ आणि ‘ता’ एकेक, ‘सां’ दोन. आता समेपासून सुरुवात केलीत तर ‘सां’ सातव्या-आठव्या मात्रेवर जातो आणि पुढची सम नेमकी ‘ज’वर येते. डग्ग्याचा सगळा भार त्या बिचाऱ्या ‘ज’वर. शब्द तुटतो तो इथे.

आता हीच ओळ सातव्या मात्रेवरून उचला. ‘तुला’ सात-आठवर, ‘पाहता’मधला ‘पा’ समेवर, ‘सां’ खालीवर, ‘ज’ सातवर आणि आठवी मात्रा मोकळी. दुसऱ्या आवर्तनात ‘थां’ पुन्हा समेवर येतो, ‘ली’ सहाव्या मात्रेपर्यंत लांबवता येते आणि सातवीवर परत ‘तुला’ उचलायला तुम्ही तयार. ओळ बरोबर दोन आवर्तनांत बसते.

आणखी एक गंमत ऐका. पाचव्या-सहाव्या मात्रेवर, ‘न क’ला, डग्गा गुंजत नाही. त्यामुळे ‘सां’ला खालून कसलाच घुमारा नसतो, शब्द एकटा, उघडा ऐकू येतो. डग्गा परत बोलतो तो सातव्या मात्रेच्या ‘धि’वर, म्हणजे जिथून ‘तुला’ उठतो तिथेच. मला केरवा प्रेमगीताला आवडतो तो यासाठी.

कुठलीही ओळ तबल्यावर नेण्याआधी नुसत्या हाताने टाळी देत दोनचारदा म्हणा. ज्या अक्षरावर हात आपोआप जोरात पडतो, ते समेचं अक्षर.

प्रश्न : मी तबला वाजवतो. ठेका शुद्ध आहे, लय पक्की आहे, तरी गायिका म्हणते, “दादा, हे भजनासारखं वाटतंय.” काय चुकतंय?

बहुधा आठही अक्षरं तुम्ही सारख्याच वजनाने वाजवत असाल. टाळांच्या गजरात ते चालतं, कारण तिथे तबल्याला सगळ्यांना धरून ठेवायचं असतं. इथे एकच आवाज आहे आणि तोही हळू गाणारा.

वजन ‘धा’ आणि ‘धि’ या दोनच ठिकाणी ठेवा. ‘ना’ चाटेवर नाजूक, बाकीचं बोट टेकवल्यासारखं. ‘धि’ला डग्ग्यावर आघात झाल्याबरोबर मनगटाचा तळ दाबत शाईकडे सरकवा. सूर वर चढतो आणि पुढच्या समेकडे खेचतो. ही मींड प्रत्येक आवर्तनात नको, ओळीच्या उठावापुरती पुरे. सतत केली की तिचा अर्थ जातो.

मुखड्यात ‘गे’ गाळूनही पाहा : धा ऽ ना ति । न क धि न. समेनंतरची ती एक मात्रा रिकामी राहिली की गायिकेच्या समेवरच्या अक्षराला, वरच्या ओळीतल्या ‘पा’सारखं, लांबायला जागा मिळते. अंतऱ्यात ‘गे’ परत आणा. फरक ऐकणाऱ्याला नाव घेऊन सांगता येणार नाही, पण गाणं पुढे सरकल्याचं त्याला कळतं.

प्रश्न : ॲपवर ८० लय लावली तर गाणं रेंगाळतं, १६० लावली तर आकडा बघूनच भीती वाटते. बरोबर कुठली?

१६०. ॲप एकेक मात्रा मोजत असेल तर ८० ला आठ मात्रांचं आवर्तन सहा सेकंद चालतं. तुमची दोन आवर्तनांची ओळ बारा सेकंद ताणली जाते आणि श्वास मध्येच संपतो. १६० ला आवर्तन तीन सेकंदांचं होतं. तुमचा पाय मात्र दोन मात्रांना एक ठोका देतो, म्हणजे मिनिटाला ८० च. म्हणून गाणं संथच वाटतं. आकड्याऐवजी घड्याळ लावून एक आवर्तन मोजायची सवय ठेवा.

प्रश्न : लग्गी कुठे घ्यावी?

शब्द पहिल्यांदा ऐकू येत असताना नको. अंतरा संपून मुखडा परत आला, गायिका तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणते आहे, ऐकणाऱ्याला शब्द पाठ झाले आहेत, तिथे दोन आवर्तनं दुगुनीत लग्गी घ्या आणि छोट्या तिहाईने समेवर या. लग्गी ठुमरी-दादऱ्यातून आली. तिथे ती बराच वेळ रंगते, कारण गायक बोल-बनाव थांबवून तबल्याला जागा देतो. तीन-चार मिनिटांच्या भावगीतात तेवढी जागा नसते. लग्गीनंतर पहिलं आवर्तन साध्या ठेक्याचं, ‘गे’ गाळलेलं ठेवा. तिथे हात आवरला नाही तर तिहाईनंतर लय चढलेली असते आणि गायिकेला धावत यावं लागतं.