कौलं परतायचं तोंडी ठरलंय, आता मेस्ताला काय लिहून पाठवू?

प्रश्न: डिचोलीच्या आमच्या जुन्या घराची कौलं पावसाआधी परतून घ्यायची आहेत. मेस्त येऊन बघून गेला, अंगणात उभ्याउभ्या सगळं ठरलं. आता तेच लिहून पाठवलं तर त्याला अविश्वास वाटेल का? आणि नेमकं लिहायचं काय?

उत्तर:

पाठवा, आणि आज रात्रीच पाठवा. दोन दिवस गेले की तुम्हीही तुमच्या सोयीचं तेवढंच आठवाल आणि मेस्तही त्याच्या.

मी फोंड्याच्या बाजूला घरदुरुस्तीची कामं घेतो, त्यामुळे असे मेसेज मला येतात. राग येत नाही. शेवटचे पैसे मागायला गेल्यावर "अहो, हे त्यातच होतं ना?" ऐकावं लागत नाही, हा आमचाच फायदा. खटकतो तो सूर. "खालील अटी मान्य असल्याचे कळवावे" असं लिहिलंत तर नोटीस आल्यासारखं वाटतं. "मला समजलं ते लिहितोय, कुठे चुकलं असेल तर सांगा" असं वर लिहा, काही बिघडत नाही.

तोंडी ठरलेलंही कायद्याने चालतं. पण 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 13 म्हणतं की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. घोळ होतो तो या 'एकाच अर्थाने'मध्ये. "कौलं परतून देतो" म्हणताना मेस्ताच्या डोक्यात असतं कौलं उतरवणं, झाडणं, फुटकी बाजूला काढणं आणि परत चढवणं. तुमच्या डोक्यात त्यात नव्या रिपाही असतात, कोने पुन्हा सिमेंटात बसवणंही असतं. "पावसाआधी" म्हणजे त्याच्या हिशेबी जूनचा पहिला आठवडा. तुम्ही मात्र मे महिन्यातल्या वळवाच्या सरींना घाबरून बसलेले असता. दोघंही खरं बोलताय, आणि तरी भांडण ठरलेलं आहे.

साधारण शंभर चौरस मीटरचं छप्पर धरून, मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं. आकडे तुमचे घाला.

> नमस्कार मेस्त. आज सकाळी बोलणं झालं ते मला समजलं तसं लिहितोय, चुकलं असेल तर सांगा.
>
> सगळी कौलं उतरवून, साफ करून परत चढवायची. कोने काढून नव्याने सिमेंटात बसवायचे. मजुरी ₹42,000. यात परांची, ताडपत्री आणि तुमची माणसं आली. नवी कौलं, रिपा, सिमेंट, रेती, खिळे मी आणून देणार.
>
> चांगली जुनी कौलं पुढच्या बाजूला एकत्र लावायची. नवी कौलं फक्त मागच्या पडवीवर.
>
> 200 फूट रिपा बदलायची मजुरी यातच धरली आहे. उघडल्यावर जास्त खराब निघाल्या तर फोटो पाठवून विचारायचं, मगच पुढे. जास्तीच्या रिपांना फुटामागे ₹25 मजुरी. वासे आणि रंगकाम यात नाही.
>
> सुरुवात 2 मे, छप्पर पूर्ण झाकून 18 मेपर्यंत. आगाऊ ₹12,000, कौलं चढल्यावर ₹20,000, उरलेले ₹10,000 पहिल्या मोठ्या पावसात गळती बघून, किंवा 20 जूनला, जे आधी येईल तेव्हा. गळालं तर तेवढी दुरुस्ती तुमच्याकडे.
>
> एक विचारायचं राहिलं: मी कौलं किती आणून ठेवू?

यातल्या दोन गोष्टी बोलताना हमखास निसटतात.

एक, नवी कौलं कुठे लागणार. मंगळुरी कौल चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतं, म्हणजे तुमच्या छपरावर दीड हजार तरी असतील. त्यात नवी मिसळली की पंचाईत होते, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. खालून बघायला ओळ सरळ दिसते, पण दोन कौलांच्या मधल्या फटीतून वाऱ्याचा पाऊस आत येतो. म्हणून एका उतारावर एकाच जातीची कौलं ठेवायची. हे चांगल्या मेस्ताला माहीत असतंच. पण छपरावर कौलं चढवणारी माणसं दुसरी असतात, आणि अंगणातलं तुमचं बोलणं त्यांनी ऐकलेलं नसतं. मेसेज असला की मेस्त तोच त्यांना दाखवतो.

दुसरी, "उघडल्यावर जास्त निघालं तर". कौलाखाली वाळवीने काय खाल्लंय ते खालून कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. मेस्ताने न विचारता रिपा बदलल्या तर तुम्ही म्हणणार आम्ही सांगितलं नव्हतं. थांबून राहिला तर म्हणणार काम रखडवलं. त्यामुळे किती निघेल हे लिहिण्यापेक्षा निघालं तर काय करायचं, ते लिहिणं उपयोगाचं. जे कामात धरलेलं नाही तेही नावानिशी लिहा. न लिहिलेल्या गोष्टी प्रत्येक जण आपल्या बाजूला धरतो.

आता शेवटचा प्रश्न. तो मुद्दाम आहे. नुसता मेसेज पाठवलात तर अंगठा येईल, आणि अंगठ्यावरून त्याने वाचलं की नाही ते कळत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार असं तर मुळीच धरू नका. पण "150 आणून ठेवा" असं उत्तर आलं की मेसेज शेवटपर्यंत वाचला हे नक्की. बऱ्याच मेस्तांना लांब मजकूर वाचायचा कंटाळा असतो. मग फोन करून कोकणीतून तेच वाचून दाखवा आणि खाली एक ओळ टाका: "आता फोनवर वाचून दाखवलं, तुम्ही 18 ऐवजी 22 मे म्हणालात, तसं धरतो." तो उलटून "मी असं बोललोच नव्हतो" म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. हे छप्पर उघडं पडायच्या आधी कळलं, हे उत्तम झालं. पुन्हा बोला, आणि दुरुस्त करून संपूर्ण मेसेज परत पाठवा. जुना पुसू नका.

काम चालू असताना काही बदललं, समजा मागची पडवी वाढवायची ठरली, तर मूळ मेसेजलाच रिप्लाय करून दोन ओळी लिहा: काय वाढलं, किती पैशांनी, तारीख पुढे गेली का. व्हॉट्सअॅपवर त्या चॅटला मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू नाही ना, तेही एकदा बघून घ्या. ती 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांवर लावता येते आणि नंतर लक्षातही राहत नाही.

एक मर्यादा सांगतो, कारण ही सवय लागली की लोक ती सगळीकडे वापरायला बघतात. मजुरीच्या कामाला हे पुरतं. जमीन-घराच्या विक्रीला किंवा वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेकराराला असल्या मेसेजने भागत नाही, तिथे नोंदणी केलेला कागदच लागतो. शिवाय आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, त्यामुळे घर विकायला दोघांच्या सह्या लागतात.

आगाऊ रक्कम त्याचं उत्तर आल्यावरच द्या. यूपीआयने देत असाल तर टिपणीत "कौलं परतणे, आगाऊ" लिहा, म्हणजे पैसे कशाचे तेही त्याच तारखेला नोंदलं जाईल. रोख दिलेत तर त्याच मेसेजखाली "आज ₹12,000 रोख दिले" एवढं टाका आणि मेस्ताला "मिळाले" लिहायला सांगा.