आलेखाचे गुण कुठे जातात: प्रमाण, नावं आणि बिंदू

प्रश्न: भौतिकशास्त्राच्या परीक्षेत आलेखाला ५ पैकी २ गुण मिळाले. माझे सगळे बिंदू अगदी एका सरळ रेषेत आले होते, तरी ३ गुण कशाचे कापले? प्रमाण, अक्षांची नावं आणि बिंदू यांना गुण नक्की कसे देतात?

उत्तर: सगळे बिंदू अगदी एका रेषेत आले, हेच वाचून मला शंका आली. प्रयोगातली निरीक्षणं इतकी शिस्तीत कधी येत नाहीत. तुमचा कागद मी पाहिलेला नाही, पण असे आलेख मी दरवर्षी तपासतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी अक्षावर प्रमाण घेतलेलंच नसतं, सारणीतले आकडे जसेच्या तसे समान अंतरावर लिहिलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. साध्या दोलकाच्या प्रयोगात दोरीची लांबी ४० सेंमीपासून १०० सेंमीपर्यंत १०-१० ने वाढवली आणि दर वेळी दोलनकालाचा वर्ग काढला. सारणीत १.६१, २.०१, २.४२, २.८२, ३.२२, ३.६२, ४.०३ असे आकडे आले, एकक सेकंद². आता विद्यार्थी उभ्या अक्षावर दर २ सेंमीला एक खूण करतो आणि पहिल्या खुणेपाशी १.६१, दुसरीपाशी २.०१, तिसरीपाशी २.४२ असं लिहीत जातो. आडव्या अक्षावरही तसंच. मग पहिला बिंदू पहिल्या खुणांवर, दुसरा दुसऱ्या खुणांवर, आणि रेषा सरळ येते. ती येणारच, कारण तुम्ही एक-एक पायरी उजवीकडे आणि एक-एक पायरी वर चढत गेलात. आकडे कुठलेही असोत, या पद्धतीने रेषाच मिळते.

पडताळून पाहायचं असेल तर वर्ग न करता नुसता दोलनकाल घ्या: १.२७, १.४२, १.५५, १.६८, १.७९, १.९०, २.०१ सेकंद. पहिल्या दोन आकड्यांत ०.१५ चा फरक आहे, शेवटच्या दोनांत ०.११ चा. म्हणजे हा आलेख वर जाताना हळूहळू झुकला पाहिजे, वक्र आला पाहिजे. सारणीचे आकडे समान अंतरावर लिहिलेत तर हाही ताठ सरळ येईल. आलेख काढण्याचा उद्देशच इथे संपतो, म्हणून परीक्षक यावर कडक असतात.

५ गुणांच्या आलेखाची एक नेहमीची वाटणी अशी असते: अक्षांची नावं आणि एककं १, प्रमाण १, बिंदू २, रेषा १. मंडळागणिक थोडा फरक पडतो, पण सूत्र हेच. वरच्या चुकीत प्रमाणाचा १ जातो. बिंदूंचे २ सुद्धा जातात, कारण अक्षावर एकसारखं प्रमाण नसेल तर बिंदू बरोबर जागी आहे का हे तपासायला मोजपट्टीच उरत नाही. राहतात नावांचा १ आणि रेषेचा १. तुमच्या २ गुणांचा हिशोब बहुतेक असाच लागला असावा.

आता हाच आलेख नीट कसा काढायचा ते पाहू. समजा आलेख कागदावर १८ सेंमी रुंद आणि २४ सेंमी उंच चौकटी आहेत, आणि प्रत्येक सेंमीत १० लहान घरं. प्रमाण निवडताना दोन गोष्टी पाहतात. बिंदू कागदाच्या निम्म्याहून जास्त भागावर पसरले पाहिजेत, आडवेही आणि उभेही. आणि १ सेंमीला दिलेली किंमत वाचायला सोपी हवी: १, २ किंवा ५, किंवा त्यांचेच दहापट-दशांश, जसं ०.२ किंवा ५०.

पहिली अट ऐकून हुशार मुलं एक वेगळीच चूक करतात. सगळ्यात मोठा आकडा ४.०३, त्याला २४ ने भागलं की ०.१६८, म्हणून ते १ सेंमी = ०.१७ सेकंद² घेतात. कागद काठोकाठ भरतो, पण आता २.४२ मांडून दाखवा. १४ सेंमीवर २.३८ येतं, उरले ०.०४. इथे हात सवयीने ४ लहान घरं वर जातो, कारण लहान घर म्हणजे ०.०१ असं डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात या प्रमाणात लहान घर ०.०१७ चं आहे आणि बिंदू सव्वादोन घरांच्या थोडा वर हवा. बिंदूला सूट साधारण अर्ध्या लहान घराची असते, इथे चूक दीड घराहून जास्त झाली. म्हणजे प्रमाणाचा गुण तर गेलाच, शिवाय त्याच प्रमाणाने बिंदूचाही गुण खाल्ला. १ सेंमीला ३ किंवा ७ का घेऊ नये, याचं कारण हेच. नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा एकदा ३ च्या प्रमाणावर आकडा वाचून बघा, लगेच कळेल.

त्याऐवजी १ सेंमी = ०.२ घ्या, शून्यापासून सुरुवात करून. मग २.४२ म्हणजे १२ सेंमी आणि वर १ लहान घर. ४.०३ बरोबर २० सेंमीच्या दीड घर वर. बिंदूंचा पसारा १२ सेंमीहून थोडा जास्त, म्हणजे २४ च्या निम्म्याच्या पुढे. चार सेंमी वर रिकामे राहिले तर राहू द्या, त्याचे गुण कोणी कापत नाही.

आडव्या अक्षाचं गणित वेगळं आहे. शून्यापासून १०० सेंमी लांबी बसवायची तर १ सेंमी = १० सेंमी घ्यावं लागतं, आणि मग सगळे बिंदू १८ पैकी ६ सेंमीत दाटीने बसतात. म्हणून हा अक्ष ३० पासून सुरू करायचा आणि १ सेंमी = ५ सेंमी घ्यायचं. ४० येईल २ सेंमीवर, १०० येईल १४ सेंमीवर. फक्त कोपऱ्यात आडव्या अक्षाच्या सुरुवातीला ३० लिहायला विसरू नका. तिथे सवयीने ० लिहून पुढच्या खुणेवर ३५ लिहिलेले कागद येतात, आणि तो प्रमाणाचा गुण सरळ जातो.

नावांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राशीचं नाव आणि एकक, दोन्ही अक्षांवर, दोन्ही हवेत. सर्वात जास्त गुण जातात ते वर्गाच्या एककात: आडव्या अक्षावर ‘लांबी (सेंमी)’ बरोबर लिहितात आणि उभ्यावर ‘दोलनकालाचा वर्ग (सेकंद)’. सेकंद² हवं. कोपऱ्यात प्रमाण लिहिलं म्हणून अक्षावरचे आकडे गाळू नका, दर एक-दोन सेंमीला आकडा असावा. कुठली राशी कुठल्या अक्षावर, हे प्रश्नातच असतं: ‘दोलनकालाचा वर्ग विरुद्ध लांबी’ म्हटलं की पहिली राशी उभ्या अक्षावर.

बिंदू तपासताना परीक्षक सगळे मोजत बसेलच असं नाही. बरेचदा दोन-तीन निवडतो, शक्यतो अवघड असलेले, आणि रेषेपासून जो दूर दिसतो तो हमखास. कागदावरून किंमत वाचतो आणि तुमच्या सारणीशी ताडतो. म्हणून बिंदू बारीक हवा. टोक घासलेल्या पेन्सिलीचा ठिपका एका लहान घराएवढा होतो आणि मग त्याचं केंद्र कुठे हे ठरत नाही, गुण मिळत नाही. छोटी फुली, किंवा बारीक ठिपक्याभोवती लहान वर्तुळ, हे सर्वात सुरक्षित.

इथे सारणीशी हा शब्द महत्त्वाचा. समजा ८० सेंमी लांबीला तुमची दोलनं मोजताना गडबड झाली, २० समजून प्रत्यक्षात २१ दोलनांचा वेळ घेतला आणि भागलं मात्र २० ने. वेळ वाढतो, आणि वर्ग ३.२२ ऐवजी ३.५५ च्या आसपास येतो. वरच्या प्रमाणात हा बिंदू रेषेच्या दीड सेंमीहून जास्त वर दिसेल. बरीच मुलं तो गुपचूप खाली ओढून रेषेवर बसवतात. सारणीत ३.५५ आणि कागदावर ३.२२, म्हणजे बिंदू चुकीचा मांडला, गुण गेला. तो ३.५५ लाच मांडा, त्याभोवती वर्तुळ करा आणि रेषा काढताना सोडून द्या. बिंदूचे गुण मांडणीला असतात. निरीक्षण चुकलं असेल तर त्याचा हिशोब सारणीच्या गुणांत होतो. वेळ असेल तर ते निरीक्षण पुन्हा घ्या आणि सारणी व आलेख दोन्ही बदला, ते अर्थातच उत्तम.

रेषा पट्टीने एकच, बारीक, आणि उरलेले बिंदू तिच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे विभागले जातील अशी. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडणे म्हणजे रेषा काढणे नव्हे, बिंदू-बिंदू जोडत जाणं तर मुळीच नाही. चढ काढायला सांगितला असेल तर सारणीतली निरीक्षणं घेऊ नका, रेषेवरच्याच दोन जागा घ्या, रेषेच्या निम्म्या लांबीहून जास्त अंतरावरच्या.

अक्ष ३० पासून सुरू केला असेल तर आणखी एक सापळा आहे. तुमची रेषा डावीकडच्या उभ्या अक्षाला १.२१ च्या आसपास छेदेल. ‘उभ्या अक्षावरचा छेद काढा’ असं विचारलं की मुलं १.२१ लिहून मोकळी होतात. पण ती जागा लांबी ३० ची आहे, शून्याची नाही. लांबी शून्य असताना रेषा जवळपास शून्यातूनच जाते. म्हणून आधी प्रश्न पूर्ण वाचा. छेद विचारला असेल, किंवा रेषा आरंभबिंदूतून जाते का हे दाखवायचं असेल, तर दोन्ही अक्ष शून्यापासूनच घ्या, आडव्यावर १ सेंमी = १० सेंमी ठेवून. तिथे बिंदू थोडे दाटीने आले तरी परीक्षक ते समजून घेतो, कारण शून्य प्रश्नानेच मागितलेलं असतं.