संमतिपत्र सोपे करताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमच्या औषध-चाचणीच्या संमतिपत्रात असे वाक्य आहे: 'सदर औषधाच्या सेवनाने यकृत विकरांच्या पातळीत वाढ होणे (सामान्य) तसेच यकृत निकामी होऊन मृत्यू होणे (दुर्मिळ) संभवते.' रुग्ण 'मृत्यू' वाचून उठून जातात. जरा सौम्य लिहिले तर चालेल का?

भाषा सौम्य करा, धोका नाही. 'लिव्हरला थोडाफार त्रास होऊ शकतो' असे लिहिलेत की मृत्यू गायब झाला, आणि एथिक्स कमिटी ते परत पाठवेल. पाठवलेच पाहिजे.

खरी अडचण 'मृत्यू' शब्दाची नाही, 'सामान्य'ची आहे. वाचणाऱ्याला वाटते, म्हणजे साधेसुधे, काळजी नको. औषधांच्या दुष्परिणामांच्या प्रचलित मोजपट्टीत मात्र तो शब्द किती जणांना होते ते सांगतो, किती गंभीर आहे ते नाही. 'सामान्य' म्हणजे 100 पैकी 1 ते 10 जणांना आणि 'दुर्मिळ' म्हणजे 10,000 पैकी 1 ते 10 जणांना. तुमच्या अभ्यासात हीच मोजपट्टी वापरली आहे ना, हे आधी संशोधकांना दिलेल्या औषधाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. मग आकडेच लिहा, तेही एकाच मापात. 'शंभरात एक' आणि 'हजारात एक' शेजारी आले की हजाराचा आकडा मोठा दिसतो आणि अनेकांना तोच धोका मोठा वाटतो.

मी असे लिहीन: 'या औषधाने लिव्हरच्या रक्ततपासणीचे आकडे वाढू शकतात. औषध घेणाऱ्या 10,000 जणांपैकी 100 ते 1,000 जणांना असे होते. 10,000 पैकी 1 ते 10 जणांचे लिव्हर काम करेनासे होऊन मृत्यू होऊ शकतो.'

'आकडे वाढणे' हे मुद्दाम लिहिले. 'लिव्हरला सूज' किंवा 'लिव्हर खराब' म्हटले की मुळात नसलेला आजार आपण जोडतो. पुस्तिकेत प्रमाण दिलेलेच नसेल, तर अंदाजाने आकडा घालू नका. 'किती जणांना होते हे अजून माहीत नाही' असे लिहा. आणि आधीच्या अभ्यासात मृत्यू झाला असेल, तर 'होऊ शकतो' पुरेसे नाही, 'झाला आहे' असे लिहावे लागेल.

रँडमायझेशन समजावायला आम्ही 'नाणेफेक' आणि प्लासिबोला 'साखरेची गोळी' म्हणतो. ठीक आहे ना?

नाणेफेक फक्त निम्मे-निम्मे असेल तेव्हा. तुमच्या अभ्यासात दोनास एक असे प्रमाण असेल, तर ती उपमा चुकीची शक्यता सांगते. थेट लिहा: 'कोणती गोळी मिळेल हे कॉम्प्युटर ठरवतो. दर 3 जणांपैकी 2 जणांना नवीन औषध आणि एकाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळेल. कोणाला कोणती मिळाली हे तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांनाही माहीत नसेल.' तातडीच्या वेळी ते उघड करता येत असेल, तर तेही लिहा.

'साखरेची गोळी' टाळाच. मधुमेहाच्या अभ्यासात ती वाचून रुग्ण दचकेल, आणि आपल्याकडे साखरेच्या गोळ्या म्हटले की होमिओपॅथी आठवते, म्हणजे पुन्हा औषधच! 'तुमचा उपचार' हे शब्दही इथे नकोत. औषध गुणकारी आहे की नाही हेच तर तपासायचे आहे.

नुकसानभरपाईचा परिच्छेद वकिली आहे. 'काही झाले तर सगळा खर्च आम्ही करू' एवढे लिहिले तर?

ते आश्वासन मूळ मजकुरापेक्षा एकीकडे मोठे आणि दुसरीकडे छोटे आहे. 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच राहू द्या. पहिली: 'अभ्यासादरम्यान तुम्हाला इजा झाली, तर मोफत उपचार मिळतील, गरज असेपर्यंत, किंवा इजा अभ्यासामुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत, यापैकी जे आधी होईल तोवर.' दुसरी: 'इजा अभ्यासामुळे झाली असे ठरले, तर उपचारांशिवाय पैशांच्या रूपातही भरपाई मिळेल. मृत्यू झाला, तर ती वारसांना मिळेल.' वाक्ये लांबली तर लांबू द्या. 'यापैकी जे आधी' ही अट कापायची नाही.

सोपा मसुदा झाला. आता थेट वापरू का?

नाही. तो मूळ इंग्रजी फॉर्म न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्या आणि मूळ फॉर्मशी ओळीने ताडून बघा. 'शकते', 'फक्त', 'पैकी' असे बारके शब्द तिथेच निसटलेले सापडतात. मग अभ्यासाशी संबंध नसलेल्या दोन-चार जणांना वाचायला द्या, 'समजले का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मध्येच सोडायचे असेल तर काय कराल?' असे विचारा आणि त्यांच्या शब्दांत ऐका. त्यानंतर नवी आवृत्ती व तारीख घालून एथिक्स कमिटीची मंजुरी. ती येईपर्यंत सह्या जुन्याच मंजूर फॉर्मवर.