अबॅलोनमध्ये तीनास तीन अडकल्यावर काय करायचं?

प्रश्न: आम्ही निपाणीत घरी केलेल्या षटकोनी पटावर अबॅलोन, म्हणजे समोरच्याच्या सहा गोट्या ढकलून पटाबाहेर काढायचा खेळ, खेळतो. माझ्या तीन आणि समोरच्याच्या तीन गोट्या एका ओळीत भिडल्या की डाव तिथंच अडकतो. मागे चौथी गोटी लावली तरी ढकलता येत नाही म्हणतात, ते खरं आहे का? मग सोडवायचं कसं?

उत्तर:

खरं आहे. एका चालीत आपल्या जास्तीत जास्त तीनच गोट्या हलतात, त्यामुळे चौथीचं बळ धरत नाहीत. दोन गोट्या एकीला ढकलतात, तीन गोट्या एकीला किंवा दोघींना. समोर तीन उभ्या राहिल्या की त्या ओळीत त्यांना कुणीच हलवू शकत नाही. म्हणून मागे गोट्या रचण्यात चाली घालवू नका. समोरची फळी तिरक्या रेषेतून फोडावी लागते. मात्र कुठली गोटी फोडायची यावर सगळं ठरतं.

एक डाव मांडून बघा. पटाच्या मधल्या ओळीत 9 खाचा असतात, त्यांना डावीकडून 1 ते 9 आकडे द्या. तुमच्या काळ्या गोट्या 4, 5, 6 वर आहेत आणि पांढऱ्या 7, 8, 9 वर. 9 म्हणजे पटाचा कोपरा. मधल्या ओळीच्या वर 8 खाचांची ओळ आहे आणि तिच्यावर 7 खाचांची. त्याही डावीकडूनच मोजा. आता साताच्या ओळीत 5 वर आणि आठाच्या ओळीत 6 वर तुमची एकेक काळी गोटी आणा. या दोन्ही गोट्या आणि मधल्या ओळीतली 7 वरची पांढरी एकाच तिरक्या रेषेत येतात. त्या पांढरीच्या पुढची खाच, म्हणजे खालच्या आठाच्या ओळीतली 7, रिकामी असेल तर दोनास एक या हिशेबानं ढकला. पांढरी खाली सरकते आणि तिच्या जागी तुमची काळी बसते. मधल्या ओळीत आता 4 ते 7 काळ्या आणि समोर फक्त 8, 9 पांढऱ्या. पुढच्या चालीला 5, 6, 7 पुढे रेटल्या की 9 वरची पटाबाहेर जाते. 4 वरची मात्र जागेवरच राहते आणि मध्ये एक खाच मोकळी पडते, ते लक्षात ठेवा.

मन मात्र 8 वरच्या मधल्या गोटीकडे ओढतं, कारण ती काढली की फळीचे दोन तुकडे होतात. तसं केलंत तर तुमचीच काळी 8 वर जाऊन बसेल आणि 7 वरच्या पांढरीच्या पाठीशी उभी राहील. ढकलायच्या गोट्यांच्या मागे रिकामी खाच किंवा पटाची कड लागते. तिथं आपलीच गोटी असली तरी ढकलता येत नाही. म्हणून आपल्या ओळीला चिकटलेलीच पांढरी फोडायची.

समोरच्याला मध्ये एक चाल मिळते, ती आधीच धरून चला. तो 8 आणि 9 या दोघींना जोडीनं आडवं सरकवून वरच्या आठाच्या ओळीत 7 आणि 8 वर नेऊ शकतो. खाली मात्र त्याला तसं नेता येत नाही, कारण तुम्ही ढकललेली त्याचीच गोटी तिथं वाट अडवून बसलेली असते. त्याचा दुसरा उपाय म्हणजे खालच्या डाव्या बाजूनं दोन पांढऱ्या लावून 7 वरची तुमची काळी वर उडवणं. तसं झालं तर परत तीनास तीन. या दोन्हींवर एकच बंदोबस्त पुरतो. फोडायच्या आधी वरच्या आठाच्या ओळीत 7 वर आपली एक काळी ठेवा. जोडीची वाट बंद होते आणि खालून येणाऱ्या दोघींसमोर तुमच्याही दोन उभ्या राहतात. तो एकटी 9 वरची गोटी कडेनं पळवेल, ते थांबत नाही. पण मग तुमच्या ढकलीनं 8 वरची कोपऱ्यात जाते, आणि कोपरा सगळ्यात वाईट जागा. कडेवरची गोटी दोन रेषांतून बाहेर पडू शकते, कोपऱ्यातली तीन रेषांतून.

डाव दर वेळी अडकत असेल तर मांडणीही बदलून बघा. नेहमीच्या मांडणीत 14-14 गोट्या आमनेसामने असतात आणि दोघंही मधे गठ्ठा करून बसले की कुणाच्या 6 गोट्या बाहेर जाणं कठीण होतं. ‘बेल्जियन डेझी’ नावाच्या मांडणीत प्रत्येकाचे सात-सात गोट्यांचे दोन फुलासारखे गट समोरासमोरच्या कोपऱ्यांजवळ असतात, त्यामुळे भिडंत लवकर होते. स्पर्धांतही ती वापरतात.

घरच्या पटाबद्दल एक सांगतो. 61 खाचा खोल कोरल्या असतील तर ढकलताना मधली गोटी उडून ओळीबाहेर पडते आणि कुठली कुठं होती यावरून वाद होतात. खाचा उथळ ठेवा, शेजारच्या दोन खाचांमध्ये पॉलिश पेपरनं हलकी पन्हळ काढा आणि सगळ्या गोट्या एकाच मापाच्या घ्या. बेळगावात खडेबाजारातून काचेच्या गोट्या घेतल्यात तर एकेक निवडून घ्या, लहानमोठ्या मिसळलेल्या असतात. ढकलताना बोट नेहमी शेवटच्या गोटीवर, रेषेच्या सरळ दिशेत, आणि झटका न देता.